गेस्ट वायफायचं लॉगिन पेज काही फोनवर का उघडत नाही

प्रश्न: आमच्या अतिथिगृहात पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय आहे. जोडलं की लॉगिन पेज आपोआप यायला हवं. आयफोनवर येतं, पण बऱ्याच अँड्रॉइड फोनवर येतच नाही. फोन ‘कनेक्टेड’ म्हणतो आणि काही चालत नाही. ब्राउझरमधून एखादी साइट उघडली तर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असा इशारा येतो. डीएनएस रिडायरेक्ट चालू आहे, गूगल लॉगिनचीही सोय ठेवली आहे. दोष फोनचा की आमच्या सेटिंगचा?

उत्तर: बहुतांशी सेटिंगचा. आणि तुमच्या प्रश्नातल्या शेवटून दुसऱ्या वाक्यातच, ‘गूगल लॉगिनचीही सोय’ या शब्दांत, मला तो दिसतोय. पण तिथपर्यंत यायला आधी एक गोष्ट समजून घ्यावी लागेल, नाहीतर तुम्ही एक फोन दुरुस्त कराल आणि दुसरा बिघडवाल.

लॉगिन पेज वायफाय फोनवर पाठवतं, असा सर्वसाधारण समज आहे. तसं काही नसतं. वायफायला जोडल्या जोडल्या फोन स्वतःहून एका ठरलेल्या पत्त्यावर एक छोटीशी विनंती पाठवतो, मुद्दाम साध्या, कूटबद्ध नसलेल्या एचटीटीपीवर. त्या पत्त्यावरून काय उत्तर यायला हवं ते फोनला आधीपासून ठाऊक असतं. अँड्रॉइड साधारणपणे `http://connectivitycheck.gstatic.com/generate_204` हा पत्ता विचारतो आणि २०४ या क्रमांकाच्या कोऱ्या उत्तराची अपेक्षा धरतो. आयफोन `http://captive.apple.com/hotspot-detect.html` मागतो आणि त्यात `Success` हा शब्द शोधतो. अपेक्षित उत्तर आलं की फोन म्हणतो, इंटरनेट आहे, विषय संपला. त्याऐवजी दुसऱ्या कुठल्या पेजकडे वळवणारं उत्तर आलं, की फोन ओळखतो की मध्ये कुणीतरी दार अडवून बसलंय. मग तो ते पेज उघडतो: आयफोन थेट समोर, अँड्रॉइड बहुतेक वेळा ‘साइन इन करा’ अशा नोटिफिकेशनमधून.

म्हणजे सगळा खेळ त्या एका विनंतीला तुमचा गेटवे, म्हणजे पाहुण्यांची रहदारी इंटरनेटकडे नेणारं उपकरण, खोटं उत्तर देतो की नाही, यावर आहे. तिला खरं उत्तर मिळालं, तर फोनच्या दृष्टीने लॉगिनची गरजच उरत नाही.

पूर्वी हे इतकं नाजूक नव्हतं. बहुतेक साइट साध्या एचटीटीपीवर होत्या, त्यामुळे पाहुण्याने कुठलीही साइट उघडली तरी गेटवे तिला मध्येच पकडून लॉगिन पेजकडे वळवू शकायचा. ही चाचणी चुकली तरी पाहुणा कुठून ना कुठून लॉगिनवर आदळायचाच. आज तो दुसरा रस्ता जवळजवळ बंद झालाय, आणि सगळा भार या एका चाचणीवर येऊन पडलाय. तुमच्या ‘कनेक्शन सुरक्षित नाही’चं मूळ तिथेच आहे. त्याकडे नंतर येतो.

आधी गूगल लॉगिन. एका प्रशिक्षण केंद्राच्या वसतिगृहात मला अगदी तुमच्यासारख्याच तक्रारीसाठी बोलावलं होतं. आयफोन ठीक, अँड्रॉइड अडलेले. मी जोडलेला एक अँड्रॉइड हातात घेतला आणि दोन साइट उघडून पाहिल्या. गूगलचा शोध झटकन उघडला. एक बातम्यांची साइट उघडलीच नाही. लॉगिन न करता गूगल चालतं आणि बाकी काही चालत नाही, हे दिसलं की पुढचं निम्मं काम झालेलं असतं. तुमच्याकडेही सगळ्यात आधी एवढंच करून बघा.

मग लॅपटॉप त्याच वायफायला जोडला आणि लॉगिन न करता फोनचीच विनंती हाताने पाठवली:

```
curl -si http://connectivitycheck.gstatic.com/generate_204
```

उत्तर आलं:

```
HTTP/1.1 204 No Content
```

यायला हवं होतं असं काहीतरी:

```
HTTP/1.1 302 Found
Location: http://192.168.50.1/login
```

म्हणजे गेटवेने ही विनंती अडवलीच नव्हती, खुशाल बाहेर जाऊ दिली होती. कारण गेटवेच्या डीएनएस फाइलमध्ये सापडलं. लॉगिन न केलेल्या पाहुण्यांसाठी तिथे dnsmasq चालत होतं, म्हणजे साइटच्या नावाचा आयपी पत्ता सांगणारा छोटा डीएनएस सर्व्हर, आणि त्यात या दोन ओळी होत्या:

```
address=/#/192.168.50.1
server=/google.com/gstatic.com/8.8.8.8
```

पहिली ओळ म्हणते, कुठलंही नाव विचारलं तरी गेटवेचाच पत्ता सांग. हाच तुमचा डीएनएस रिडायरेक्ट. दुसरी ओळ त्यातून दोन नावांना सूट देते: त्यांचा खरा पत्ता बाहेरच्या डीएनएसकडून आणून दे. फायरवॉलमध्येही त्या पत्त्यांना वाट मोकळी ठेवलेली होती. हे कुणी आळसाने केलं नव्हतं. पाहुण्याला गूगल खात्याने लॉगिन करायचं, तर लॉगिन होण्याआधी गूगलचं पेज उघडायलाच हवं, म्हणून सूट दिलेली. पण `gstatic.com` ला सूट म्हणजे `connectivitycheck.gstatic.com` लाही सूट, कारण dnsmasq ची ही ओळ त्या नावाखालच्या सगळ्या उपनावांना लागू होते. ज्या एकाच विनंतीला खोटं बोलायचं होतं, नेमकी तीच मोकळी सुटली.

यात अजून एक बारकावा आहे. अँड्रॉइड त्याच वेळी दुसरी चाचणीही करतो, `https://www.google.com/generate_204` वर. दोन्ही नावांना सूट असल्यामुळे दोन्ही चाचण्या पास झाल्या. फोनने वायफायवर पूर्ण विश्वास टाकला, मोबाइल डेटा बाजूला ठेवला आणि सगळी रहदारी वायफायवर आणली. म्हणून तक्रार ‘पेज येत नाही’ एवढीच राहिली नाही, ‘वायफाय जोडलं की फोनच बंद पडतो’ अशी झाली. फक्त `gstatic.com` ला सूट असती, तर पहिली चाचणी पास आणि दुसरी नापास झाली असती. तेव्हा अँड्रॉइड १० आणि पुढचे फोन ‘मर्यादित कनेक्शन’ अशा अर्थाची सूचना देतात, लॉगिनची नाही. पाहुणा ही दोन वेगवेगळी लक्षणं एकाच वाक्यात सांगतो, म्हणून फोनवर नक्की कोणते शब्द दिसतात ते स्वतः वाचा.

आयफोनची चाचणी वेगळ्या नावावर जाते आणि त्या नावाला सूट नव्हती, म्हणून ते बिनतक्रार चालत होते. ‘काही फोनवर येतं, काहींवर नाही’ याचं कोडं एवढ्याने उलगडतं. आयफोन चांगले आणि अँड्रॉइड वाईट, असा निष्कर्ष मात्र काढू नका. काही वायरलेस कंट्रोलरमध्ये आयफोनच्या चाचणीला गेटवेनेच `Success` असं उत्तर द्यायचं, असं एक सेटिंग असतं. आयफोनच्या छोट्या लॉगिन खिडकीत अडचणी येतात म्हणून काही जण ते मुद्दाम चालू करतात. तिथे चित्र उलटं दिसतं: अँड्रॉइडवर नोटिफिकेशन येतं, आयफोन गप्प. शिवाय आयफोनमध्ये प्रत्येक वायफायसाठी ‘ऑटो-लॉगिन’चं बटण असतं. पाहुण्याने कधीतरी ते बंद केलं असेल, तर त्याच्या एकट्याच्या फोनवर खिडकी येणार नाही.

वसतिगृहात दुसरी ओळ काढून टाकली आणि फायरवॉलमधली सूटही. मग गूगल लॉगिनचं काय? ते तसंही धड चालणार नव्हतं. ॲपच्या आत बसवलेल्या ब्राउझर खिडकीतून खात्याने लॉगिन करायला गूगलने २०१७ पासून बंदी घातली आहे. अशा खिडकीत `disallowed_useragent` असा नकार येतो, आणि लॉगिनसाठी फोन उघडतो ती खिडकी याच जातीची. म्हणजे ज्या सोयीसाठी ही सूट दिली होती, ती सोय बहुतेक फोनवर मिळत नव्हती आणि तोटा मात्र पुरेपूर होत होता. आम्ही खोली क्रमांक आणि एक छोटा कोड, एवढ्यावर आणलं. तुम्हालाही माझा सल्ला हाच आहे. एखाद्या मोठ्या सेवेच्या नावांना लॉगिनआधी सूट देणं भाग असेल, तर निदान पूर्ण डोमेनला देऊ नका, नेमक्या उपनावांना द्या. आणि सूट नावाऐवजी आयपी पत्त्याने देत असाल तर जास्तच सांभाळा. मोठ्या कंपन्यांच्या एकाच पत्त्यावर अनेक नावं राहतात, त्यामुळे तुम्ही एकाला दार उघडता आणि चारजण आत जातात.

आता सुरक्षित साइटचा इशारा. पाहुणा ब्राउझरमध्ये एखादं नाव टाकतो. तुमचा डीएनएस म्हणतो, ही साइट `192.168.50.1` वर आहे. ब्राउझर तिथे जातो, पण एचटीटीपीएसने जातो, म्हणजे पोर्ट ४४३ वर, आणि पहिलाच प्रश्न विचारतो: तू अमुक साइट असशील तर त्या नावाचं सर्टिफिकेट दाखव. तुमचा गेटवे दाखवणार काय? दुसऱ्याच्या साइटचं खरं सर्टिफिकेट त्याला कुठलीही मान्यताप्राप्त संस्था देणार नाही, आणि देऊही नये. मग तो स्वतःचं, भलत्याच नावाचं सर्टिफिकेट पुढे करतो. ब्राउझरला नाव जुळत नाही, आणि क्रोममध्ये `NET::ERR_CERT_COMMON_NAME_INVALID` सारखा इशारा दिसतो. पुढच्या पेजकडे वळवणारं ३०२ उत्तर पाठवायची पाळीच येत नाही, कारण ते उत्तर कूटबद्ध जोडणीच्या आतून जायचं असतं आणि ती जोडणीच झालेली नसते.

‘पुढे जा’ दाबून पाहुणा लॉगिनपर्यंत पोचेल, ही आशाही धरू नका. अनेक साइट एचएसटीएस वापरतात. २०१२ सालच्या आरएफसी ६७९७ या इंटरनेट मानकात ते मांडलंय. त्यात साइट ब्राउझरला बजावते की यापुढे माझ्याकडे फक्त एचटीटीपीएसनेच ये, आणि सर्टिफिकेट चुकलं तर वापरणाऱ्याला पुढे जाऊ देऊ नकोस. मग इशाऱ्यावर ‘पुढे जा’चा पर्यायच नसतो. कित्येक साइटची नावं तर ब्राउझरसोबतच यादीत येतात, पाहुणा तिथे आधी कधी गेलेला नसला तरी. आणि पाहुण्याला असे इशारे पार करायची सवय लावणं मला स्वतःला पटत नाही. तुमच्या वायफायवर शिकलेली सवय तो बाहेर कुठेही वापरणार.

म्हणून पोर्ट ४४३ वर वळवायचा प्रयत्नच करू नका, नकार द्या. इथे नकार कसा देता यालाही महत्त्व आहे. फायरवॉलने पॅकेट नुसतं गिळून टाकलं, तर फोन उत्तराची वाट पाहत बसतो, फिरतं चक्र दिसतं आणि पाहुणा वायफाय मंद आहे म्हणतो. त्याऐवजी लगेच जोडणी तोडणारं उत्तर पाठवा:

```
iptables -A FORWARD -i wlan0 -p tcp --dport 443 \
  -j REJECT --reject-with tcp-reset
```

ही ओळ लॉगिन झालेल्यांना वाट देणाऱ्या नियमाच्या खाली यायला हवी, नाहीतर सगळेच अडतील. युडीपीचं ४४३ विसरू नका. नवे ब्राउझर आणि व्हिडिओची ॲप क्विक नावाच्या पद्धतीने त्यावरून बोलतात. टीसीपी बंद आणि युडीपी उघडं राहिलं, की लॉगिन न करताही काही सेवा चालू राहतात. मग ‘मला लॉगिन आलंच नाही, पण व्हिडिओ चालतोय’ अशी चक्रावून टाकणारी तक्रार येते.

डीएनएस रिडायरेक्टबद्दल माझं मत स्पष्ट आहे: शक्य असेल तर ते सोडून द्या. लॉगिनआधीही डीएनएसला खरी उत्तरं देऊ द्या, आणि अडवणूक फायरवॉलमध्ये पोर्ट ८० वर करा. लॉगिन न केलेल्या फोनची पोर्ट ८० वरची प्रत्येक जोडणी गेटवेच्या वेब सर्व्हरकडे वळवायची आणि तिथून ३०२ उत्तर द्यायचं. फोनची चाचणी पोर्ट ८० वरच येते, ती तिथे नेमकी सापडते. खोट्या डीएनएसचा एक त्रास लॉगिननंतरही पाठ सोडत नाही. फोन मिळालेला पत्ता काही काळ लक्षात ठेवतो. लॉगिनआधी कुणी एखादी साइट उघडायचा प्रयत्न केला असेल, तर फोनच्या मते ती साइट अजूनही `192.168.50.1` वरच असते. लॉगिन होतं, बाकी सगळं चालतं, पण तेवढी एकच साइट काही मिनिटं इशारा देत राहते. डीएनएस रिडायरेक्ट ठेवणं भागच असेल, तर खोट्या उत्तराचा टीटीएल, म्हणजे ते किती सेकंद लक्षात ठेवायचं तो आकडा, शून्याच्या आसपास ठेवा.

दुसरं म्हणजे, तुमचा डीएनएस फोन विचारेलच याची आता खात्री उरलेली नाही. अँड्रॉइड ९ पासून, म्हणजे २०१८ पासून, फोनमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ हे सेटिंग आहे. त्यात डीएनएसचे प्रश्न कूटबद्ध होऊन पोर्ट ८५३ वरून जातात. ‘ऑटोमॅटिक’वर असेल, तर फोन आधी तशी जोडणी करून पाहतो आणि नाही जमली तर साध्या पोर्ट ५३ वर परत येतो. पण पाहुण्याने तिथे स्वतः एखाद्या सर्व्हरचं नाव लिहून ठेवलं असेल, तर फोन दुसऱ्या कुणाला विचारतच नाही.

वसतिगृहात नेमकं हे पुढच्या टप्प्यात समोर आलं. गूगलची सूट काढल्यावर अँड्रॉइडवर नोटिफिकेशन यायला लागलं. एका मुलीच्या फोनवर मात्र लॉगिन व्यवस्थित झालं आणि तरीही काही चालेना. वायफायच्या नावाखाली लिहिलेलं होतं: `Private DNS server cannot be accessed`. आधी मला वाटलं, लॉगिनच अर्धवट झालं असेल. गेटवेवर बघितलं तर तिचा फोन ‘लॉगिन झालेले’ यादीत होता. मग तिच्या फोनची रहदारी पाहिली:

```
tcpdump -ni wlan0 host 192.168.50.23 and port 853
```

फोन पुन्हा पुन्हा बाहेरच्या एका सर्व्हरशी ८५३ वर जोडणी मागत होता आणि उत्तर एकदाही येत नव्हतं. कुणीतरी ‘सगळ्यांनी आमचाच डीएनएस वापरावा’ म्हणून ते पोर्ट लॉगिन झालेल्यांसाठीही बंद केलं होतं.

मग तिच्या फोनवर लॉगिनचं पेज तरी कसं आलं? कारण अँड्रॉइड ती चाचणी आणि ती लॉगिन खिडकी, दोन्ही प्रायव्हेट डीएनएसला वगळून साध्या डीएनएसवर चालवतो. अँड्रॉइड बनवणाऱ्यांनाही ही अडचण ठाऊक होती. पण तीच मुलगी नोटिफिकेशन बाजूला सरकवून नेहमीच्या ब्राउझरमध्ये गेली असती, तर तिथे प्रायव्हेट डीएनएस लागू झाला असता, एकाही नावाचा पत्ता मिळाला नसता आणि लॉगिनपर्यंत पोचायचा मार्गच उरला नसता. म्हणजे पेज ‘आलं नाही’ असं सांगणाऱ्यांपैकी काहींना ते आलेलं असतं. वरच्या पट्टीतल्या दहा नोटिफिकेशनमध्ये ते पडून राहतं, एवढंच.

इथे नियम सोपा ठेवा. लॉगिनआधी ८५३ ला लगेच नकार द्या, म्हणजे ‘ऑटोमॅटिक’वाले फोन वाट न पाहता साध्या डीएनएसवर येतील. लॉगिननंतर ते उघडा. पोर्ट ५३ वर बाहेरचे सर्व्हर विचारणारेही असतात, कारण काहींनी फोनमध्ये डीएनएसचा पत्ता हाताने घातलेला असतो. ती विनंती नुसती अडवू नका, तुमच्या डीएनएसकडे वळवा. ती बंद केली तर चाचणीच्या नावाचा आयपी पत्ताच मिळत नाही, चाचणी सुरू होण्याआधीच संपते आणि फोनला फक्त ‘इंटरनेट नाही’ एवढंच कळतं, ‘लॉगिन हवं’ हे कळत नाही.

या निमित्ताने एक जुनी गंमत सांगतो. पूर्वी बऱ्याच ठिकाणी वायरलेस कंट्रोलरच्या लॉगिन पेजला `1.1.1.1` हा पत्ता दिलेला असायचा. तो कुणी वापरत नाही, असं तेव्हा सगळ्यांनी गृहीत धरलेलं. एप्रिल २०१८ मध्ये क्लाउडफ्लेअरने त्याच पत्त्यावर सार्वजनिक डीएनएस सुरू केला. ज्यांच्या फोनमध्ये तो डीएनएस घातलेला, त्यांचे प्रश्न अशा वायफायवर थेट लॉगिन पेजच्या पत्त्यावर जाऊन आदळायचे. तुमचा कंट्रोलर जुना असेल, तर त्याचा हा ‘व्हर्च्युअल’ पत्ता एकदा तपासा. अशा कामासाठी `192.0.2.1` सारखे पत्ते बरे, ते उदाहरणांसाठी राखून ठेवलेले आहेत आणि खऱ्या इंटरनेटवर कुणाचे नसतात.

हे सगळं झालं फोनला फसवून पेज दाखवण्याबद्दल. फसवणूक न करता सांगायचीही एक रीत आहे, आणि उपकरण चालवून घेत असेल तर मी ती नक्की लावतो. २०२० सालच्या आरएफसी ८९१० प्रमाणे, फोनला आयपी पत्ता देतानाच डीएचसीपीच्या ११४ क्रमांकाच्या पर्यायातून त्याला सांगता येतं की इथे लॉगिन आहे आणि त्याची चौकशी अमुक ठिकाणी कर. dnsmasq मध्ये ती एक ओळ होते:

```
dhcp-option=114,https://portal.example.net/api
```

फोन त्या पत्त्यावर जातो आणि त्याला असं छोटं उत्तर मिळतं:

```
{"captive": true,
 "user-portal-url": "https://portal.example.net/login"}
```

अँड्रॉइड ११ आणि आयओएस १४ पासून हे समजतं. यात दोन ठिकाणी हमखास चूक होते. पर्याय ११४ मध्ये लॉगिन पेजचा पत्ता घालतात, तिथे हवा असतो चौकशीचा पत्ता, ज्यावरून वरचं उत्तर `application/captive+json` या प्रकाराने येतं. आणि तो एचटीटीपीएसच हवा, खऱ्या नावाच्या खऱ्या सर्टिफिकेटसह. गेटवेच्या आयपीवर स्वतः बनवलेलं सर्टिफिकेट लावलं, तर फोन ते उत्तर मुकाट्याने टाकून देतो आणि जुन्या चाचणीवर परत जातो. तुम्हाला वाटतं नवी पद्धत लागली, पण ती कधी चाललेलीच नसते. जुने फोन हा पर्याय ओळखत नाहीत, त्यामुळे पोर्ट ८० वरची अडवणूक काढू नका, दोन्ही सोबत चालू द्या.

लॉगिन पेजच्या सर्टिफिकेटचंही तेच. ३०२ ने फोन `https://192.168.50.1` कडे पाठवला, तर खिडकी उघडते आणि त्यात इशारा किंवा कोरं पान दिसतं. एक नाव विकत घ्या, त्याचं सर्टिफिकेट काढा, आणि लॉगिनआधीही डीएनएस त्या नावासाठी गेटवेचा पत्ता देईल असं बघा. पेजवर बाहेरून आणलेले फॉन्ट आणि स्क्रिप्ट ठेवू नका. लॉगिनआधी ते अडतात आणि पेज पांढरं राहतं. सगळं गेटवेवरच ठेवा.

दुरुस्ती होईपर्यंत, आणि झाल्यावरही, पाहुण्याला काय सांगायचं? मोबाइल डेटा बंद करायला सांगा. वायफाय पक्कं मान्य होईपर्यंत अँड्रॉइड रहदारी मोबाइल डेटावरूनच पाठवत राहतो. त्यामुळे पाहुणा ब्राउझर उघडतो, साइट मजेत चालते, आणि त्याला वाटतं लॉगिन लागतच नाही. मग ब्राउझरमध्ये `http://neverssl.com` टाकायला सांगा. ही साइट मुद्दाम एचटीटीपीवरच ठेवलेली आहे. सुरुवातीचं `http://` पूर्ण टाकायचं, कारण नुसतं नाव टाकलं तर आजचे ब्राउझर बऱ्याचदा आधी एचटीटीपीएस करून पाहतात. आणि तुमच्या लॉगिन पेजचं स्वतःचं नाव असेल, तर तेच एका कार्डावर छापून स्वागत टेबलावर ठेवा. मला तांत्रिक उपायांइतकाच हा उपाय कामाचा वाटतो, कारण तो चाचणीवर अवलंबून नाही.

बदल केल्यावर तपासताना फोनवर ते वायफाय ‘विसरा’ करून नव्याने जोडा आणि गेटवेवरच्या लॉगिन यादीतूनही तो फोन काढा. नाहीतर जुन्या लॉगिनवर फोन चालत राहतो आणि तुम्ही दुरुस्ती झाली समजता. इथे अलीकडच्या फोनचा बदलता मॅक पत्ताही गोंधळ घालतो. यादीतली कुठली नोंद त्या फोनची, हे कुठल्यातरी जुन्या नोंदीवरून ठरवू नका, त्या क्षणी फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये दिसणारा पत्ता जुळवा.

एका जातीच्या फोनपुढे तुमचा इलाज चालणार नाही. कार्यालयाने दिलेल्या काही फोनवर व्हीपीएन कायम चालू असतो आणि व्हीपीएनशिवाय काहीही बाहेर जाऊ द्यायचं नाही, असं कुलूप असतं. व्हीपीएन जोडायला इंटरनेट हवं, इंटरनेटला लॉगिन हवं, आणि लॉगिनची रहदारी व्हीपीएनशिवाय निघत नाही. त्या पाहुण्याला कुलूप काढायचा अधिकारही बहुधा नसतो. अशांसाठी वसतिगृहात आम्ही स्वागत टेबलावरून फोनचा मॅक पत्ता यादीत घालून एका दिवसाची परवानगी द्यायची सोय केली. अशा फोनवर त्या वायफायपुरता बदलता मॅक पत्ता बंद ठेवावा लागतो, नाहीतर तो मध्येच बदलला की परवानगी गेली.